सदोष 7805 व्होल्टेज रेग्युलेटरबद्दलची ईमेल

"आकडे दिले तरी पुरवठादार म्हणतो, दोष तुमच्या सर्किटचा. ईमेल कशी लिहू?"

आकड्यांसोबत मोजणीची परिस्थितीही लिहा. आम्ही लिहिली ती अशी:

"नमस्कार, आपल्याकडच्या 200 नग 7805 पैकी 20 तपासले. इनपुट 10 व्होल्ट, लोड 500 मिलीअँपिअर, दोन्ही कपॅसिटर पायांलगत. सात नगांचं आउटपुट 5.4 व्होल्टच्या वर आलं. डेटाशीटप्रमाणे 25 अंशांना ते 4.8 ते 5.2 हवं. जुन्या लॉटचा नग त्याच सॉकेटमध्ये 5.02 देतो. लॉट कोडचा फोटो जोडला आहे. सदोष नग पाठवतो, कृपया पूर्ण लॉट बदलून द्यावा."

जुन्या नगाचं वाक्य अजिबात गाळू नका, सर्किटवरचा संशय तिथेच मिटतो. मोजणी मात्र लोड जोडताच घ्या. अडीच वॅटने नग तापला की आकडा सरकतो.