'लॉग स्केल'ला मराठीत काय म्हणायचं?

पेठेतली अनुवादक: नवशिक्यांसाठीच्या एका पुस्तिकेचं मराठी करतेय. त्यात अ‍ॅपच्या वापरकर्त्यांचा रेषालेख आहे, जानेवारी ते जून: १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १४,०००, २१,०००. उभा अक्ष लॉग स्केलचा. मी 'लघुगणकी मापनी' लिहिलं आणि खाली 'एप्रिलनंतर वाढ मंदावली'. संपादक म्हणतात, शब्द कळत नाही आणि वाक्यही चूक, जूनमध्ये तर सगळ्यात जास्त म्हणजे सात हजार लोक आले!

खडूवाले: संपादकांच्या हातात फूटपट्टी द्या. अक्षावर १,००० पासून १०,००० पर्यंत १० सेंटिमीटर धरा, मग १०,००० पासून १,००,००० पर्यंतही १०च. दुप्पट झाली की रेघ साधारण ३ सेंटिमीटर चढते, मग हजाराचे दोन हजार होवोत की चाराचे आठ. एप्रिलपर्यंत दर महिन्याला तीन-तीन, म्हणून रेघ सरळ. मेमध्ये पावणेदोन पट, चढ २.४. जूनमध्ये दीडपट, चढ १.८. साध्या स्केलवर मात्र हीच रेघ शेवटपर्यंत जास्त जास्त उभी होत जाते. तेव्हा 'वाढीचा दर मंदावला' लिहा, भांडण मिटेल.

कट्टा४११०३८: म्हणजे रेघ वाकली की लोक अ‍ॅप सोडून चाललेत. बरोबर ना?

खडूवाले: नाही हो. सोडून चालले असते तर रेघ खाली उतरली असती. इथे चढतेच आहे, फक्त चढ कमी झालाय.

सर्व्हरराखण: आमच्याकडे लॉग म्हणजे नोंदी. 'नोंदपट्टी' चालेल की.

पेठेतली अनुवादक: अहो, तो लॉग वेगळा!

शुद्धमराठी: लघुगणकच बरोबर. मोठा गुणाकार लघु होऊन बेरजेवर येतो, म्हणून लघु. अर्थ शब्दातच आहे.

खडूवाले: अर्थ छान जुळतो, पण मला तो 'लॉग'च्या उच्चारावरून बेतलेला वाटतो. नेपिअरने १६१४ साली ग्रीक लोगोस, म्हणजे गुणोत्तर, आणि अरिथमोस, म्हणजे संख्या, जोडून शब्द केला. त्यात लघु कुठेच नाही.

कट्टा४११०३८: मग 'पटपट्टी' म्हणा. पट दाखवणारी पट्टी.

शुद्धमराठी: पटपट्टी! उद्या पाटपाणी म्हणाल. आणि मापनीला काय झालं?

पेठेतली अनुवादक: पटपट्टी मला आवडला, पण संपादक हाकलून देतील. आणखी एक, मूळ आकड्यांत डिसेंबरचा शून्य आहे. तो कुठे काढू?

खडूवाले: कुठेच नाही. १००, १०, १ असं कितीही खाली गेलात तरी या अक्षावर शून्य येत नाही. रेघ जानेवारीपासून काढा आणि डिसेंबरचं तळटीपेत सांगा.

सर्व्हरराखण: अकरावीत अप्पा बळवंत चौकातून सेमी-लॉग कागद आणायचो. तेव्हा कुणी मराठी शब्द विचारला नव्हता. मिळतो का हो अजून?

शुद्धमराठी: 'आलेखपत्र' म्हणा.