भाडं कमी करा म्हणून मालकांना काय लिहिलंत? इंदूरकरांचे अनुभव

राजेंद्रनगरवाला
एकाच घरात बरीच वर्षं राहून ज्यांनी भाडं कमी करून मागितलंय, त्यांनी इथे लिहा. मिळालं नसेल तरी लिहा. सुरुवात मी करतो.

दोन बेडरूमचा फ्लॅट, सुरुवातीला भाडं १०,०००. दर करारात दहा टक्के वाढ. करार अकरा महिन्यांचा, म्हणजे वाढही अकरा महिन्यांनीच लागते. साडेपाच वर्षांत सहा करार झाले, सहाव्यात भाडं १६,१०५ वर गेलं आणि सातव्यात १७,७१५ होणार होतं. इतक्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर अगदी तसाच फ्लॅट १४,००० ला गेला. हे मला त्या नव्या बिऱ्हाडानेच सांगितलं.

करार संपायला दोन महिने असताना मालकांना हे पाठवलं:

"काका, नमस्कार. ३१ ऑक्टोबरला आपला सहावा करार संपतोय. आम्हाला इथेच राहायचं आहे. आजवरच्या ६४ महिन्यांत एकदाच भाडं उशिरा दिलं, आईच्या ऑपरेशनच्या महिन्यात, आणि तेव्हा तुम्हाला आधी सांगितलं होतं. बाकी दर महिन्याला ५ तारखेच्या आत खात्यावर जमा आहे. खालचा असाच फ्लॅट दोन महिन्यांपूर्वी १४,००० ला गेला, मागच्या गल्लीतला पार्किंगसह १३,५००. दोन्हींत मेंटेनन्स आपल्यासारखाच धरलेला आहे. नवा करार १४,००० वर करता येईल का? रविवारी घरी येऊन बोलू का?"

दोन दिवस उत्तर नाही. मग काकांचा फोन, "खालच्यांनी खरंच चौदाला दिला?" त्यांनी स्वतः चौकशी केली होती. रविवारी चहावर १४,५०० ठरलं.

सुदामानगरची
माझंही पाच वर्षांचं घर, एकदाही भाडं चुकवलं नाही. पण सगळं रोख, काकूंच्या हातात. पावती मागायला संकोच वाटायचा. मी "नेहमी वेळेवर दिलं" असं लिहिलं, तर त्यांचा मुलगा म्हणाला, "मधे दोनदा राहिलं होतं ना?" राहिलं नव्हतं, पण दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. बोलणं तिथेच थांबलं. आता यूपीआयने देते आणि शेऱ्यात महिन्याचं नाव टाकते.

दोन_खोल्यांचा_मालक
मालकाच्या बाजूने सांगतो. माझ्या भाडेकरूने जाहिरातींचे तीन स्क्रीनशॉट पाठवले. एक फ्लॅट लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधला चौथ्या मजल्याचा, दुसऱ्यात मेंटेनन्स वेगळा. तिसरा बरोबरीचा होता, पण जाहिरातीतला आकडा हा मागणीचा आकडा असतो, घर त्या भावाला जाईलच असं नाही. मी नाही म्हटलं.

राजेंद्रनगरवाल्यांनी झालेला व्यवहार दाखवला, म्हणून काकांना फोन करावासा वाटला. त्यांच्या जागी मी असतो तर असा हिशेब केला असता: हे गेले तर घर एक महिना तरी रिकामं, म्हणजे १४,००० गेले. ब्रोकरला अर्ध्या महिन्याचं भाडं, ७,०००. रंगकामाला दहा-बारा हजार. एवढं करून नवा माणूसही चौदाच देणार. पण हा हिशेब भाडेकरूने मेसेजमध्ये मांडू नये. मला कुणी "तुमचं घर रिकामं पडेल" असं लिहिलं, तर मी पडू देईन.

भिया_पलासियावाले
एवढी विनवणी कशाला? अकरा महिन्यांच्या कराराला कायदाच लागू नसतो, तो नुसता कागद. वाढ द्यायची नाही म्हणून सांगायचं.

दोन_खोल्यांचा_मालक
भिया, अकरा महिने कशासाठी ते अर्धंच सांगितलंत. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्टर करावा लागतो. तो खर्च आणि खेप टाळायला अकरा महिने धरतात. म्हणून करार फुकट ठरत नाही, सही केलेल्या अटी दोघांवर बंधनकारक असतात. वाढीचं कलम चालू करारात नाही, पुढचा करार लिहिताना बदलायचं. वेळ तीच.

विजयनगर_नवीन
आमचे मालक डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार म्हणतायत. त्यांना असाच मेसेज चालेल का?

सुदामानगरची
ते वेगळं प्रकरण आहे हो. घर घेतलं तेव्हाचे भिंतींचे फोटो असतील तर आधी ते शोधा.

राजेंद्रनगरवाले, १४,५०० लेखी झालं का? आणि दहा टक्क्यांचं काय?

राजेंद्रनगरवाला
भाडं करारात लिहिलंय. दहा टक्क्यांचं कलम मात्र जुन्या मसुद्यातून तसंच उतरलंय, स्टॅम्पवर टाइप होऊन आल्यावर माझ्या लक्षात आलं. ते राहिलं तर तिसऱ्या करारात पुन्हा साडेसतरा हजारांवर. पाच टक्के करा म्हणून काकांना सांगितलंय. "मुलाला विचारतो" म्हणालेत, सही अजून व्हायची आहे.