मदत हवी आहे: सिएटलच्या क्लायंटला पहिल्याच उत्तरात मीटिंगच्या वेळा कशा कळवू?

रंगरेषा: मी नाशिकहून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. सिएटलच्या एका छोट्या प्रकाशकाची मेल आलीय: "काम आवडलं, अर्धा तास बोलू या का?" उत्तर आजच पाठवायचंय. त्यात दोन वेळा आणि एक बुकिंग लिंक द्यावी असा विचार आहे. २९ ऑक्टोबर, गुरुवार आणि ४ नोव्हेंबर, बुधवार, दोन्ही दिवशी आपल्याकडचे रात्री साडेआठ असं ठरवलंय. वेळ त्यांची लिहू की आपली? आणि लिंकचं काय, ती पाठवली तर उद्धट वाटेल का?

टिवल्याबावल्या: सोपं आहे. सिएटल आपल्या साडेबारा तास मागे. रात्री साडेआठ म्हणजे त्यांचे सकाळचे आठ. दोन्ही दिवशी तेच लिहून टाक.

सातासमुद्रापार: २९ तारखेला बरोबर, ४ तारखेला नाही. यंदा १ नोव्हेंबरला अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जाणार, म्हणजे फरक साडेतेरा तासांचा. तुमचे साडेआठ तेव्हा त्यांचे सकाळचे सात. पहिल्याच ओळखीत सातची वेळ नको. शिवाय दोन्ही पर्याय सकाळचेच असले आणि त्यांची सकाळ मुलांना शाळेत सोडण्यात जात असेल, तर दोन्ही एकदम बाद. एक सकाळचा, एक संध्याकाळचा ठेवा. मी असं लिहिलं असतं:

```
1) Thu 29 Oct, 8:00 am Seattle
   (Thu 8:30 pm India)
2) Wed 4 Nov, 6:30 pm Seattle
   (Thu 5 Nov, 8:00 am India)
```

त्यांची वेळ आधी, तीही वारासकट, कारण दुसऱ्या पर्यायात आपल्याकडे गुरुवार उजाडलेला असतो. IST लिहू नका, आयर्लंड आणि इस्रायलचीही तीच अक्षरं आहेत. शहराचं नाव लिहिलं की प्रश्न मिटतो.

दुपारचा_चहा: आमची लंडनच्या टीमबरोबर रोज मीटिंग असते. घड्याळं बदलली की दर वर्षी गोंधळ. कॅलेंडरवरची वेळ लंडनची ठेवावी की पुण्याची?

सातासमुद्रापार: तुमचं रोजचं आमंत्रण आहे, त्यांची पहिलीच मेल आहे, दोन्ही प्रश्न वेगळे. तरी सांगतो: ज्यांची घड्याळं बदलतात त्यांच्या शहरावर मीटिंग बांधा, म्हणजे त्यांची वेळ कायम राहते आणि सरकतं ते आपल्याकडे. आणि युरोपची घड्याळं यंदा २५ ऑक्टोबरलाच बदलतात, अमेरिकेच्या आठवडाभर आधी.

रंगरेषा: बरं झालं विचारलं! पण मग वेळेचं गणित लिंकच करत असेल तर दोन पर्याय लिहायचे कशाला? नुसती लिंक नाही का चालणार?

सातासमुद्रापार: चालेल, पण मग वेळ शोधण्याचं काम तुम्ही त्यांच्यावर टाकता. दोन पर्याय असले की ते मोबाईलवरून नुसतं "दुसरा" लिहून मोकळे होतात. लिंक फक्त दोन्ही जमत नसतील तेव्हासाठी.

आता लिंकची खोच. ती उघडणाऱ्याला बहुतेक त्याच्याच ब्राउझरच्या वेळेत तास दिसतात, तिथे अडचण नाही. पण तुमची मोकळी वेळ तुम्ही Asia/Kolkata मध्ये भरलेली असते. समजा रात्री ८ ते १० भरलीय. ऑक्टोबरात ती त्यांना सकाळी साडेसात ते साडेनऊ दिसेल, १ नोव्हेंबरनंतर साडेसहा ते साडेआठ. गणित अचूक, पण त्यातला बराच वेळ त्यांच्या उपयोगाचा नाही. नोव्हेंबरसाठी वेळ रात्री ९ ते ११ करा, किंवा आपल्याकडच्या सकाळचे तासही उघडा.

कागदी_होडी: मेलमध्ये दिलेल्या त्या दोन वेळा कॅलेंडरवर अडवून ठेव. नाहीतर दुसराच कोणी लिंकवरून तीच वेळ घेऊन जाईल.

रंगरेषा: अडवल्या तर त्या लिंकवर दिसणारच नाहीत ना? त्यांनी तिथे शोधलं तर?

सातासमुद्रापार: नाही दिसणार. म्हणून मेलमध्ये स्पष्ट लिहायचं: "या दोन वेळा तुमच्यासाठी राखून ठेवल्यात, फक्त १ की २ ते कळवा. इतर वेळा लिंकवर आहेत." सोबत मुदतही द्या, त्यांच्या मंगळवार संध्याकाळपर्यंत. बुधवारी सकाळी उठून उत्तर नसेल तर अडवलेलं सोडून द्या. आणि अडवताना नोंद Busy आहे ना ते बघा. Free राहिली तर लिंक तिला जुमानत नाही.

कागदी_होडी: लिंकबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. समोरचा प्रकाशक आहे, काम तो देणार. पहिल्या मेलमध्ये दोन वेळा पुरे. नाही जमल्या तर पुढच्या मेलमध्ये लिंक.

सातासमुद्रापार: तुमच्या रात्री ते जागे आणि त्यांच्या रात्री तुम्ही. एक मेल वाढली की एक दिवस गेला. मी पहिल्यातच देतो, पण शेवटच्या ओळीत.

रंगरेषा: दोन वेळा सांगितल्याप्रमाणे बदलल्या, लिंक शेवटच्या ओळीत ठेवलीय. नोव्हेंबरची वेळ ९ ते ११ करते आणि मग पाठवते. पण लिंकवर अर्ध्या तासाचे तुकडे ठेवू की पाऊण तासाचे? पहिलं बोलणं लांबतंच.

टिवल्याबावल्या: त्यांनी अर्धा तास म्हटलंय ना, तेवढाच दाखव. पुढची पंधरा मिनिटं आपल्या बाजूने मोकळी सोड, त्यांना सांगायची गरज नाही.