हात साथ देत नाही, मग आयक्यू मोजायचा कसा?

ओजसची आई: मुलगा ७ वर्षांचा, अ‍ॅथेटॉइड सेरेब्रल पाल्सी, हातपाय आपोआप झटकले जातात, बोलणं स्पष्ट नाही. फॉर्म बोर्डचे ठोकळे बसवता आले नाहीत आणि रिपोर्टमध्ये आयक्यू ४२ आला. घरी गोष्टीतलं एक पान गाळलं तरी लगेच ओरडतो. बदल करून दुसरी टेस्ट घ्यावी का, की अशा टेस्टचा आकडा धरतच नाहीत?

विनय_सायकॉलॉजिस्ट: घ्याच. त्या बोर्डावर १० आकार असतात, तीनदा लावायला देतात आणि सगळ्यात कमी लागलेला वेळ धरतात, म्हणजे खाच ओळखली पण हात भलतीकडे झटकला गेला तरी घड्याळ चालूच. रेव्हनची रंगीत मॅट्रिक्स बघा, नक्षीतला गाळलेला तुकडा ओळखायचा, ३६ प्रश्न, प्रत्येकाला ६ पर्याय, वेळेचं बंधन नाही, फक्त निवडायचं, नजरेने दाखवलं तरी चालेल.

मंदार: नुसतं घड्याळ बंद करा की, झालं!

विनय_सायकॉलॉजिस्ट: वेळेचा जाच जाईल हो, पण ठोकळा उचलायचा हातानेच ना.

मानसी के: माझा विरोध आहे. नॉर्म्स, म्हणजे तुलनेचे तक्ते, स्वतः बोट दाखवणाऱ्या मुलांवर काढलेले. नजर कुठे गेली हे परीक्षकच ठरवणार, आणि उत्तर माहीत असलेल्या माणसाला हवं तेच दिसतं. त्यात पर्याय सहाचे दोन केले तर अंदाजानेच निम्मे बरोबर येतात.

सुनीता: माझ्या मुलीला डायप्लेजिया आहे, चौथीत आहे, तिला पेपरला लेखनिक मिळेल का?

मानसी के: ताई, वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

विनय_सायकॉलॉजिस्ट: मानसीताई, पर्याय कमी करायचे नाहीत हे मान्यच. सहाही ठेवायचे, परीक्षकाने एकेकावर सारख्याच वेगाने बोट न्यायचं, मुलाने 'हो'ची खूण करायची. ती खूण वाचायला दुसरा माणूस बसवा, ज्याला पान दिसतच नाही. आधी खूण पक्की आहे का ते माहीत असलेल्या गोष्टी विचारून बघा, 'तू मुलगी आहेस का' वगैरे. नुसत्या अंदाजाने ३६ पैकी साधारण ६ येतात. समजा १९ आले, सोपे बरोबर आणि चुका शेवटच्या अवघड प्रश्नांत, तर तो अंदाज नाही. आई, जन्मानंतर कावीळ जास्त झाली होती का?

ओजसची आई: हो, रक्त बदलावं लागलं होतं.

विनय_सायकॉलॉजिस्ट: मग आधी बेरा करून ऐकणं तपासा. अशा काही मुलांना नजर वर नेता येत नाही. वरच्या ओळीतला पर्याय तो कधीच निवडत नसेल तर संशय घ्यायचा आणि पान खाली धरून परत विचारायचं.

मानसी के: एवढं सगळं केलं तरी मी आकडा छापणार नाही, काय बदललं आणि काय जमलं तेवढंच लिहीन.

ओजसची आई: पण दिव्यांग सर्टिफिकेटवाले आकडाच मागतात ना?

विनय_सायकॉलॉजिस्ट: म्हणून मी 'किमान इतका' असं लिहून रेंज देतो, आणि ४२ हा हाताच्या टेस्टचा आहे हेही त्याच पानावर.

मानसी के: नॉर्म्सच लागू नाहीत तर ती रेंज तरी कुठल्या तक्त्यावरून काढता?