शेवटचा एपिसोडच नाही! ओटीटीवाल्यांना मेल केल्याचे अनुभव सांगा

जुळे_सोलापूरकर:
आई आणि मी रोज रात्री जेवणं झाली की एक परदेशी सिरीज बघायचो, मराठी डब, दहा भागांची. नववा संपला आणि पुढे दहावा नाहीच, सरळ दुसरंच काहीतरी सुरू झालं. आई म्हणाली, "मग त्या पोरीचं काय झालं रे?" तिथल्या तिथे मेल टाकला, त्यात नुसता राग. उत्तर काय तर कॅशे क्लिअर करा, अ‍ॅप काढून परत टाका. केलं, काही फरक नाही. आता दुसरा मेल लिहितोय. तुम्ही काय लिहिलं होतं, कशाने काम झालं?

चाटीगल्लीची_सून:
आमचा शेवटचा भाग गायब नव्हताच हो, आदल्या भागालाच जोडलेला. बाकीचे 45 मिनिटांचे आणि तो एकटाच दीड तासाचा. आधी मिनिटं बघा.

जुळे_सोलापूरकर:
बघितलं, नववाही 45चाच आहे.

सातरस्ता_77:
2021 चा आयटी नियम आहे भाऊ, तक्रार अधिकाऱ्याला 24 तासांत पोच द्यावीच लागते आणि 15 दिवसांत निकाल. तेवढं लिहा, लगेच हलतात.

डबिंगवाली:
दादा मुदती बरोबर आहेत, पण ते नियम मुख्यतः काय दाखवलं, वयाचं रेटिंग काय, अशा तक्रारींसाठी. पैसे भरून सेवा मिळत नसेल तर 1915, ग्राहक हेल्पलाइन.
मी पुण्यात सहा वर्षं डबिंगचंच काम केलं. प्रत्येक भाषेचा ऑडिओ वेगळा येतो, भागाभागाचा. एका भागाचा ऑडिओ तपासणीत अडकला तर काही ठिकाणी त्या भाषेच्या यादीत तो भागच दिसत नाही. हक्क संपले की शक्यतो अख्खी सिरीज जाते, एकटा भाग नाही. म्हणून आधी मूळ भाषेत शोधा, मग प्रोफाइलची वयमर्यादा बघा, शेवटचा भाग 'A' असला तर लहान मुलांच्या प्रोफाइलवर लपू शकतो. मेलमध्ये सिरीजचं नाव स्क्रीनवर दिसतं तसंच, सीझन, "9 नंतर 10 दिसत नाही", भाषा, टीव्ही की मोबाईल, आणि यादीचा स्क्रीनशॉट. एवढं असेल तर सपोर्टवाल्याला कंटेंट टीमकडे पाठवता येतं, नाहीतर तो कॅशेचंच उत्तर चिकटवणार.

होटगीरोड:
माझे तर वर्गणीचे पैसे दोनदा कट झाले, त्याला कुठे मेल करायचा?

जुळे_सोलापूरकर:
ताई, मूळ भाषेत दहावा आहे! आईला सबटायटल वाचता येत नाहीत, म्हणून काल थांबवत थांबवत मी मराठीत सांगत गेलो, 45 मिनिटांना दोन तास लागले. मराठी ऑडिओसाठी तुम्ही सांगितलं तसा मेल टाकला, संबंधित टीमकडे पाठवलंय म्हणाले. आज सकाळी बघितलं, यादीत अजून नऊच आहेत.