मदत हवी आहे: सकाळची कॉफी आणि लगेच टॉयलेट

नमस्कार मंडळी, माझ्या मिस्टरांना सकाळी उपाशीपोटी कॉफी घेतली की दहा मिनिटांत टॉयलेटला पळावं लागतं आणि त्यांची ठाणे-वाशी लोकल तेव्हाच असते, ऐरोली येईपर्यंत घाम फुटतो कारण लोकलमध्ये सोय नाहीच. चहाने असं अजिबात होत नाही.

मी वाचलंय की कॉफी एवढ्या लवकर मोठ्या आतड्यात पोचतच नाही, ती पोटात गेली की गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन वाढतं आणि मोठं आतडं आकसायला लागतं, काहींना तर चार मिनिटांत, आणि सकाळी आतडं तसंही जास्त चालू असतं. म्हणून आम्ही डिकॅफ आणली पण तीच गत, म्हणजे नुसत्या कॅफिनचा दोष नाही. दुधाचा संशय होता, पण दूध पचत नसेल तर त्रास सहसा अर्ध्या तासाने किंवा त्याहून उशिरा, गॅस आणि गुडगुड होऊन होतो ना? यांना तसं काही नाही, काळी प्यायली तरी तेच.

सध्या आधी पोहे आणि मग अर्धा कप असं चालू केलंय, थोडा फरक वाटतो. कोणाला कॉफी उठल्या उठल्या घेऊन, सगळं उरकून मग निघायचं जमलंय का, किती वेळ हातात ठेवता? आणि फिल्टर कॉफीतल्या चिकोरीनेही पोट बिघडतं का? रक्त पडणं, वजन उतरणं असलं काही नाहीये, नाहीतर आधी डॉक्टरच गाठला असता. प्लीज सांगा.