मेलमध्ये बॅकलॉग सांगावा की नाही?

फोंड्याचा मेकॅनिकल: बीईचं शेवटचं वर्ष संपलं, पण हीट ट्रान्सफर अजून अडकलाय. सीजीपीए 6.1. आधीचा एक बॅकलॉग सुटलाय. वेर्ण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स ट्रेनीसाठी मेल करायचाय. 'मार्क कमी आहेत, तरी संधी द्या' अशी सुरुवात केली तर प्रामाणिक वाटेल ना?

डिचोलीकर: मुळीच लिहू नकोस. मुलाखतीत विचारलं तर सांग. आधीच सांगितलंस तर पुढचं कोण वाचणार?

वेर्ण्यात भरती पाहणारी: माफीने सुरुवात नको, इतकं पटतं. पण विषय बाकी असताना नुसतं 'बीई' लिहिलंस तर पदवी मिळाली असाच अर्थ होतो. रुजू होताना आम्ही सगळ्या सत्रांच्या मार्कलिस्टी मागतो. तिथे फरक दिसला की हातात आलेली ऑफरही जाते. सुटलेला बॅकलॉग मेलमध्ये लिहायची गरज नाही. फॉर्ममध्ये 'आजवरचे बॅकलॉग' असा रकाना असेल तर तिथे मात्र खरा आकडा भर. आता सांग, हाताने काय काम केलंयस?

फोंड्याचा मेकॅनिकल: कुंडईला सहा आठवडे इंटर्नशिप केली. एका पंपाचं सील सारखं गळायचं. सुपरवायझरसोबत डायल गेजने अलाइनमेंट तपासलं, मोटरच्या पायाखाली शिम घातले. मी असेपर्यंत पुन्हा गळलं नाही.

पेडणेकरीण: माझ्या मुलालाही मार्क कमीच होते. त्याच्याकडे पहिल्यांदा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मागितला. तू काढलास का रे?

वेर्ण्यात भरती पाहणारी: ताई, तो सरकारी नोकरीसाठी. हा खासगी कारखान्याला लिहितोय.

बाळा, पंपाचीच गोष्ट पहिल्या दोन ओळींत घाल, आणि 'सुपरवायझरसोबत' हा शब्द गाळू नकोस. मुलाखतीत गेजची रीडिंग कशी घेतली हे विचारतीलच. त्यानंतर एकच ओळ: 'बीई मेकॅनिकल, आतापर्यंतचा सीजीपीए 6.1, हीट ट्रान्सफर हा एक विषय बाकी, येत्या परीक्षेला बसणार आहे.' विषय का राहिला ते विचारल्यावर सांग. मेलमध्ये कारणं आली की पंप मागे पडतो.

डिचोलीकर: रेझ्युमेत असेल तर मेलमध्ये पुन्हा कशाला? लोक मोबाइलवर वाचतात.

वेर्ण्यात भरती पाहणारी: असं म्हणणारे आमच्या ऑफिसातही आहेत. मला मेलमध्ये दिसलेलं बरं वाटतं, कारण रेझ्युमे पुष्कळदा मेलपासून सुटून एकटाच पुढे जातो आणि मेल माझ्याकडे राहतो. म्हणून दोन्हीकडे एकच मजकूर ठेव.

फोंड्याचा मेकॅनिकल: जाहिरातीत 'पदवीधर' एवढंच आहे.

वेर्ण्यात भरती पाहणारी: मग शेवटी विचार: 'निकाल लागेपर्यंत अर्ज ग्राह्य धरता येईल का?' 'नाही' म्हणाले तर मेल कितीही चांगला असून उपयोग नाही. निकालानंतर पुन्हा पाठव.

डिचोलीकर: म्हणजे 'नाही' म्हणायला आपणच वाट करून द्यायची. मला अजून पटत नाही.

फोंड्याचा मेकॅनिकल: मी विचारून बघतो. पंप वर घेतला, रेझ्युमेतलं 'बीई' पण बदललं.